पहिली भेट घाबरल्यामुळे फसली, आता पुन्हा भेटूया असं लिहायचं कसं?

प्रश्न: मी २८ वर्षांचा, पुण्यात असतो. एका अ‍ॅपवर ओळख झालेल्या मुलीला शनिवारी पहिल्यांदा भेटलो. चॅटवर ३ आठवडे छान गप्पा चालायच्या. तिने एकदा आजीच्या अडकित्त्याचा फोटोही पाठवला होता. पण कॅफेत समोरासमोर बसल्यावर माझं डोकंच बंद पडलं. हात थरथरत होते, कॉफी सांडली. मी सगळा वेळ ऑफिसच्या एकाच प्रोजेक्टबद्दल बोलत राहिलो. ५० मिनिटांत 'उद्या लवकर उठायचंय' असं सांगून निघालो. रात्री तिचा 'नीट पोचलास ना?' असा मेसेज आला, मी फक्त 'हो' लिहिलं. आज सोमवार. मला परत भेटायचं आहे. हा मसुदा लिहिलाय, पाठवू का?

'हाय. शनिवारबद्दल खरंच खूप सॉरी. मी इतका नर्व्हस होतो की काय बोलतोय तेच कळत नव्हतं. मला माहितीये मी तुला खूप बोअर केलं आणि तुझी संध्याकाळ वाया घालवली. मी खरं तर असा नाहीये. लहानपणापासून मला नवीन माणसांसमोर त्रास होतो, कॉलेजमध्येही असंच व्हायचं. तू खूप छान आहेस आणि तुझ्यासारख्या मुलीने मला दुसरा चान्स द्यावा अशी माझी लायकी नाही, पण प्लीज एकदा भेटशील का? तू म्हणशील तिथे, म्हणशील तेव्हा. परत सॉरी.'

उत्तर: हा मसुदा पाठवू नका. पण मेसेज मात्र आजच पाठवा. या दोन्ही गोष्टींची कारणं एकच आहेत, म्हणून आधी तिकडे वळतो.

तुमच्या मसुद्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य तुमच्या आत काय चाललं होतं याबद्दल आहे. धडधड, गोंधळ, लहानपणापासूनचा त्रास, स्वतःबद्दलचं मत. यातलं काहीच तिने पाहिलेलं नाही, तिने फक्त बाहेरून दिसणारं पाहिलं. तिच्या खुर्चीत बसून तो पाऊण तास पुन्हा बघा. समोरचा मुलगा सलग आपल्या प्रोजेक्टबद्दल बोलतोय. माझ्याकडे फारसं बघत नाहीये. मला एक प्रश्न विचारलेला नाही, ज्या अडकित्त्यावर चॅटमध्ये एवढं बोलणं झालं त्याचा उल्लेखही नाही. मग घड्याळ बघून लवकर उठायचं कारण काढतो आणि जातो. रात्री मी चौकशी केली तर एका शब्दात उत्तर.

यावरून तिने 'हा घाबरलाय' असा निष्कर्ष काढला असेल की 'याला मी आवडले नाही' असा? दुसरा निष्कर्ष कितीतरी जास्त सहज निघतो. घाबरलेला माणूस आणि कंटाळलेला माणूस बाहेरून जवळपास सारखेच दिसतात. नजर टाळणं, प्रश्न न विचारणं, लवकर निघणं हे दोघंही करतात. तुमच्या मेसेजला एवढा एकच गैरसमज दूर करायचा आहे. बाकी कशाचाही खुलासा त्यात बसवायचा नाही.

उलट, तुम्हाला ज्याची सर्वात जास्त लाज वाटते आहे त्याचं वजन तिच्या लेखी फार कमी असण्याची शक्यता आहे. कॉर्नेल विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात खूप सांगितला जातो. विद्यार्थ्याला ओशाळवाणं वाटेल असं चित्र असलेला टी-शर्ट घालून इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवलं आणि नंतर विचारलं, किती जणांनी तुझा शर्ट ओळखला असेल? विद्यार्थ्यांचा अंदाज साधारण निम्म्या लोकांचा होता, प्रत्यक्षात ओळखणारे जेमतेम पाव होते. हात थरथरण्याचंही असंच आहे. तो थरकाप तुम्हाला आतून जाणवतो, म्हणून मोठा वाटतो. टेबलापलीकडून तो बहुतेक वेळा दिसतच नाही. कॉफी सांडलेली दिसली असेल, पण कॉफी सांडली म्हणून कुणी माणसाला नाकारत नाही. त्यामुळे थरथर आणि कॉफी मेसेजमध्ये आणूच नका. जे तिने पाहिलंच नाही ते तुम्ही स्वतः दाखवून देऊ नका आणि जे पाहून ती विसरली असेल त्याची आठवण करून देऊ नका.

२०१८ मध्ये आणखी एक संशोधन प्रसिद्ध झालं. अनोळखी लोकांना जोडीने गप्पा मारायला बसवलं आणि नंतर दोघांना वेगवेगळं विचारलं. समोरच्याला आपण किती आवडलो याचा लोकांचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा कमी निघाला. हे सरासरीचं चित्र आहे, त्यावरून तुमच्या बाबतीत तिचं मत चांगलं आहे असं सिद्ध होत नाही. पण शनिवार रात्रीपासून तुमच्या डोक्यात जी चित्रफीत पुन्हा पुन्हा चालू आहे, ती विश्वासार्ह साक्षीदार नाही, एवढं यातून नक्की घेता येतं. सामाजिक प्रसंगात घाबरणाऱ्या माणसाला प्रसंग संपल्यावर त्याची उजळणी करण्याची सवय असते आणि प्रत्येक उजळणीत प्रसंग आणखी वाईट होत जातो. तुमचा मसुदा त्या उजळणीतून आलेला आहे. 'मला माहितीये मी तुला खूप बोअर केलं' हे वाक्य बघा. तुम्हाला ते माहीत नाही, तुमचा तो अंदाज आहे. आणि तो तुम्ही तिच्या तोंडी घालून मोकळे झालात. ज्या मुलीला तेवढा कंटाळा आला नसेल, तिलाही आता वाटेल, हो की, कंटाळवाणंच होतं.

आता मसुद्यातल्या बाकीच्या वाक्यांकडे येऊ, कारण प्रत्येकाचा दोष वेगळा आहे.

'मी खरं तर असा नाहीये' हे वाक्य जवळपास सगळ्यांच्याच मसुद्यात सापडतं आणि ते नेहमी काढावं लागतं. तुम्ही कसे आहात हे ठरवायचा अधिकार भेटीनंतर तिचा असतो. शिवाय ते खरंही नाही. तुम्ही थोडे तसेही आहात, नव्या माणसासमोर गडबडणारे. दुसऱ्या भेटीतही सुरुवातीची १० मिनिटं तुम्ही गडबडणार आहात. 'मी असा नाहीये' असं आधी लिहून बसलात तर त्या १० मिनिटांत तुमच्यावर दुप्पट दडपण येईल.

लहानपण आणि कॉलेज यांचा इतिहास खोटा नाही, पण त्याची जागा ही नाही. एकदा भेटलेल्या माणसाला तो सांगितला की त्या माणसावर एक काम येऊन पडतं, तुमची समजूत घालायचं. 'लायकी नाही' या वाक्याने ते काम आणखी वाढतं. आता तिने नकार दिला तर तिने तुमची लायकी नसल्यावर शिक्कामोर्तब केल्यासारखं होतं आणि होकार दिला तर तो दयेपोटी आहे की आवडीने हे तिलाही कळत नाही. नकार देणं ज्या मेसेजमुळे अवघड होतं, त्याला लोक बहुधा नकार देत नाहीत. ते उत्तरच देत नाहीत. तुमच्या मसुद्याचा सगळ्यात मोठा व्यावहारिक धोका हा आहे.

'तू म्हणशील तिथे, म्हणशील तेव्हा' हे उदारपणाचं वाटतं, पण प्रत्यक्षात तुम्ही जागा शोधणं, वेळ काढणं, बेत आखणं हे सगळं तिच्या अंगावर टाकलंत. जिला अजून यायचं की नाही हेच ठरवायचंय, तिला हा जास्तीचा व्याप नको असतो. आणि 'दुसरा चान्स' हा शब्द परीक्षेचा आहे. तो वापरला की पुढची भेट ही फेरपरीक्षा होते. ती परीक्षक, तुम्ही परीक्षार्थी. मग घाबरायला वेगळं कारण लागत नाही.

तर मग मेसेजमध्ये राहतं काय? घाबरल्याचं एक वाक्य आणि त्याला जोडून तिला दिसलेलं वागणं. तिच्याच बोलण्यातला एखादा धागा. ठरलेली जागा, दिवस आणि वेळ असलेली छोटी भेट. तुम्हाला पुन्हा भेटायचंय हे स्पष्ट सांगणं आणि नाही म्हणायला सोपी वाट. तुमच्या बाबतीत तो असा होईल:

'हाय. शनिवारी मी खूप नर्व्हस होतो, त्यामुळे स्वतःच्याच कामाबद्दल बोलत बसलो आणि घाईने निघालो. तुझ्याबद्दल विचारायचं राहूनच गेलं. तू आजीच्या अडकित्त्याचा फोटो पाठवला होतास ना, केळकर संग्रहालयात बरेच जुने अडकित्ते आहेत. रविवारी सकाळी अकराला तासभर बघायला येशील का? मला पुन्हा भेटायला आवडेल. नको असेल तर तसं सांग, चालेल.'

पन्नासच्या आसपास शब्द आहेत. तुमच्या मसुद्यात सत्तरच्या घरात होते, पण फरक लांबीपेक्षा दिशेचा आहे. पहिल्या वाक्यात 'नर्व्हस' हा शब्द एकदाच येतो आणि लगेच 'त्यामुळे' लावून तिला दिसलेल्या दोन गोष्टींशी जोडला जातो. तो 'त्यामुळे' फार महत्त्वाचा. 'मी नर्व्हस होतो' एवढंच लिहिलं तर ती तुमची स्थिती झाली. 'त्यामुळे घाईने निघालो' लिहिलं की तिच्या मनातल्या प्रश्नाचं उत्तर मिळतं, हा का गेला असेल? दुसऱ्या वाक्यात तुम्ही तिच्या बाजूने काय चुकलं ते मान्य करता. हीच खरी दिलगिरी आहे. म्हणून मी 'सॉरी' हा शब्द ठेवलेला नाही. तुम्हाला तो हवाच असेल तर या वाक्याच्या शेवटी एकदा घाला, सुरुवातीला नको आणि दोनदा तर मुळीच नको. सॉरीने सुरू होणारा मेसेज सूचनेच्या पट्टीत वाचताना नकोसा वाटतो आणि उघडायला उशीर होतो.

'मला पुन्हा भेटायला आवडेल' हे वाक्य लिहिताना बरेच जण अडखळतात आणि त्याऐवजी 'तुला इंटरेस्ट असेल तर', 'अशीच एक आयडिया' अशी पळवाट शोधतात. तुमच्या प्रकरणात तर हे वाक्य काढूच नका. तिला तुम्ही निरुत्साही वाटला होतात आणि मेसेजही निरुत्साही आला तर तिचा समज पक्का होईल. मात्र विशेषणं नकोत. 'तू खूप छान आहेस' हे ५० मिनिटांच्या ओळखीवर हवेत राहतं. तिने पाठवलेला फोटो लक्षात असणं हे त्यापेक्षा जास्त बोलतं.

'नको असेल तर तसं सांग, चालेल' हे तसंच्या तसं ठेवा. 'मी समजू शकतो, सगळे असंच करतात' अशी शेपटी त्याला लावलीत की पुन्हा लायकीचं प्रकरण सुरू झालं. 'चालेल' लिहायच्या आधी स्वतःला विचारा, खरंच चालेल का? नकार आला तर तुम्ही 'कळलं, धन्यवाद' लिहून थांबू शकणार असाल, तरच ते वाक्य प्रामाणिक आहे.

भाषा तुम्ही चॅटवर वापरत होतात तीच ठेवा. तुम्ही दोघं रोमन लिपीत मराठी लिहीत असाल तर आता एकदम देवनागरीत शुद्ध वाक्यं लिहू नका, दुसऱ्या कुणीतरी लिहून दिल्यासारखी वाटतात. 'तू'वर आला असाल तर 'तू'च. माझे शब्द उचलण्यापेक्षा क्रम उचला आणि वाक्यं तुमच्या तोंडची करा.

आता जागेबद्दल, कारण मेसेज कितीही चांगला जमला तरी बेत चुकला तर शनिवारचीच पुनरावृत्ती होईल. कॅफेतलं दोन खुर्च्यांचं टेबल ही घाबरणाऱ्या माणसासाठी सगळ्यात कठीण मांडणी असते. समोरासमोर तोंडं, हाताला काम नाही, शांतता झाली की ती दोघांच्या मध्ये येऊन बसते आणि निघायचं तर काहीतरी कारण सांगूनच निघावं लागतं. तुम्ही तिथे गडबडलात यात तुमच्या स्वभावाइतकाच मांडणीचा वाटा आहे. शेजारी शेजारी चालत काहीतरी बघायचं असेल तर नजर आपोआप वस्तूकडे जाते, दोन मिनिटं कुणी बोललं नाही तरी ते अवघडलेपण वाटत नाही आणि पुढचा विषय भिंतीवरच लावलेला असतो.

बाजीराव रस्त्यावरचं राजा दिनकर केळकर संग्रहालय मी म्हणूनच सुचवलं. दिनकर केळकरांनी घरगुती वापराच्या वस्तू आयुष्यभर जमवल्या. वीस हजारांवर वस्तूंचा हा संग्रह आहे, अकाली गेलेल्या त्यांच्या मुलाचं, राजाचं, नाव त्याला दिलेलं आहे. दिवे, अडकित्ते, पानाचे डबे, दौती, वाद्यं, कोथरूडच्या मस्तानी महालाचा तिथे पुन्हा उभा केलेला भाग. यातल्या कुठल्याही गोष्टीसमोर 'तुमच्या घरी हे होतं का?' एवढा प्रश्न पुरतो आणि त्याचं उत्तर देताना माणूस आजोळपर्यंत पोचतो. तिच्याबद्दल विचारायचं राहून गेलं होतं, ते इथे मुद्दाम न विचारता होईल. जायच्या आदल्या दिवशी वेळ आणि सुट्टी मात्र तपासून घ्या. दारातून परत फिरावं लागलं तर तुमची गडबड पुन्हा तिथूनच सुरू होईल.

तुम्हाला दुसरं काही सुचवायचं असेल तर कसोटी तीच लावा. दिवसाउजेडी, लोकांची ये-जा असलेलं, तिला स्वतःच्या वाहनाने किंवा रिक्षाने सहज येता-जाता येईल असं, आणि तास-दीड तासात आपोआप संपणारं. रविवार सकाळी सारसबाग चालेल. तळजाई किंवा वेताळ टेकडी सुंदर असली तरी एकदाच भेटलेल्या मुलीला तिकडे एकटीने या म्हणणं बरोबर नाही, तिला तिच्या सुरक्षिततेचा विचार करावा लागणार आणि तो ती तुम्हाला बोलून दाखवणार नाही, फक्त 'जमणार नाही' म्हणेल. सिनेमा या टप्प्यावर नको. त्यात घाबरायला होत नाही हे खरं, पण ओळखही होत नाही. जेवणाचा बेतही पुढच्या वेळी. दारूच्या जागा तर निग्रहाने टाळा. दोन पेग घेऊन मोकळं बोलता येतं असं वाटतं, पण मग प्रत्येक भेटीला ते दोन पेग लागतात आणि न घेता बोलता येतं हे शिकायचं राहूनच जातं.

वेळेचं गणित सोपं आहे. पहिली भेट झाल्यावर दोन-तीन दिवसांत मेसेज जावा. तुम्ही तिसऱ्या दिवशी आहात. आज संध्याकाळी ७ ते ९ च्या दरम्यान पाठवा, म्हणजे ऑफिसच्या धबडग्यात तो वाचून बाजूला ठेवला जाणार नाही आणि रविवारच्या बेतासाठी तिला पाच-सहा दिवस मिळतील. आठवडाभर थांबलात तर निरुत्साहाचा समज तिच्याकडे घट्ट बसेल. रात्री अकरानंतर काहीही पाठवू नका, त्या वेळी उजळणी जोरात असते आणि मेसेज लांबत जातो.

व्हॉट्सअ‍ॅपच्या खिडकीत थेट टाइप करू नका. फोनच्या नोट्समध्ये लिहा, अर्धा तास सोडा, एकदा मोठ्याने वाचा, मग चिकटवा. खिडकीत लिहिताना 'टायपिंग' दिसत-जात राहतं आणि चुकून अर्धवट गेलेला मेसेज डिलीट केला तर 'मेसेज डिलीट केला' अशी खूण तिच्याकडे राहते. आधीच घाबरलेल्या माणसाकडून अशी खूण जाणं बरं दिसत नाही. एडिट करायला १५ मिनिटं मिळतात, पण तिथेही 'एडिटेड' असं दिसतं. शुद्धलेखनाची चूक राहिली तर राहू द्या. व्हॉइस नोट पाठवायचा मोह टाळा. आवाजात उबदारपणा असतो हे खरं, पण तुमच्या आवाजात आज थरथर असेल आणि तुम्ही ती बारा वेळा रेकॉर्ड करत बसाल. सगळा मजकूर एकाच मेसेजमध्ये जाऊ द्या. 'हाय' वेगळा पाठवून उत्तराची वाट बघत बसणं हे दोघांनाही ताण देणारं आहे.

पाठवल्यावर फोन दोन तास दुसऱ्या खोलीत. निळ्या खुणा, 'लास्ट सीन', स्टेटस कुणी पाहिलं हे सगळं बघणं ही उजळणीचीच दुसरी आवृत्ती आहे. लास्ट सीन दिसतं पण उत्तर नाही, यावरून काहीच कळत नाही. माणसं बेताच्या मेसेजला उत्तर द्यायला वेळ घेतात, कारण त्यांना घरचा कार्यक्रम बघायचा असतो.

उत्तर चार प्रकारचं येऊ शकतं. 'हो' आलं तर भेटीची जागा नेमकी सांगून संपवा: 'मस्त, अकराला तिकीट खिडकीपाशी भेटू.' आनंदाने लांबलचक आभार मानू नका. आणि रविवारपर्यंत रोज तासन् तास चॅटही नको. ३ आठवडे चॅटवर फुललेली ओळख समोरासमोर आल्यावर तोलायला जड गेली, हे शनिवारच्या गोंधळाचं एक कारण होतं. मधे एखाद-दुसरा साधा मेसेज, शनिवारी रात्री 'उद्या अकराला, ठरलं ना?' एवढं बास.

'या रविवारी नाही जमणार' असं आलं तर त्यापुढे काय लिहिलंय ते वाचा. 'पुढच्या शनिवारी चालेल का?' असं काही असेल तर तो होकारच. पर्याय न देता नुसतं 'बिझी आहे रे सध्या... बघू' छापाचं असेल तर तो बहुधा सौम्य नकार असतो, पण खात्री नसते. त्यावर एकदाच 'चालेल, तुला सोयीचं असेल तेव्हा सांग' लिहा आणि खरोखर तिच्यावर सोडा. दुसरी तारीख तुम्ही सुचवायची नाही.

स्पष्ट 'नाही' आलं तर 'मोकळेपणाने सांगितलंस, थँक्स. काळजी घे.' का, कशामुळे, माझं काय चुकलं, हे विचारायचं नाही. कारण सांगायला ती बांधील नाही आणि त्या क्षणी मिळालेलं कारण सहसा गुळगुळीत केलेलं असतं, त्यातून शिकण्यासारखं काही नसतं.

काहीच उत्तर नाही आलं तर? एवढ्या स्पष्ट मेसेजनंतर आठवणीचा मेसेज लागत नाही. शुक्रवार संध्याकाळपर्यंत काही आलं नाही तर रविवारचा बेत रद्द समजा आणि तिला तसं कळवायलाही जाऊ नका. इन्स्टाग्रामवरून विचारणं, ओळखीच्या मैत्रिणीमार्फत निरोप पाठवणं, दुसऱ्या अ‍ॅपवर शोधणं, हे सगळं तिला त्रासदायक आणि भीतिदायक वाटतं, तुमचा हेतू कितीही साधा असला तरी.

ती आली तर पहिल्या १० मिनिटांची तयारी करून जा, अख्ख्या तासाची नको. घाबरलेल्या माणसाचं लक्ष स्वतःकडे वळतं: आवाज कसा येतोय, हात कुठे ठेवू, मी काय बोललो. ते लक्ष बाहेर नेणं हाच उपाय, आणि त्यासाठी 'शांत हो' असं स्वतःला सांगून उपयोग नसतो. एक ठोस काम द्यावं लागतं. तुमच्यासाठी काम हे: पहिल्या दालनात तिने ज्या वस्तूसमोर सगळ्यात जास्त वेळ घालवला ती कोणती, हे लक्षात ठेवायचं आणि तिथेच एक प्रश्न विचारायचा. तिचं उत्तर आलं की त्या उत्तरातलाच एखादा शब्द पकडून पुढचा प्रश्न. 'आजी पान कुठून आणायची?' हा 'तुझे छंद काय?' पेक्षा शंभरपट चांगला. प्रोजेक्टचा विषय निघाला तर दोन वाक्यांत आटपून चेंडू परत तिच्याकडे. शनिवारचा विषय तिने काढला तर 'हो, फार घाबरलो होतो' एवढं हसून म्हणा. तुम्ही स्वतः काढू नका, मेसेजमध्ये तो झालेला आहे. पोट रिकामं ठेवू नका आणि सकाळी तिसरी कॉफी घेऊ नका. कॅफीनने येणारी धडधड आणि भीतीची धडधड शरीराला वेगळी ओळखता येत नाही. हात थरथरू नयेत म्हणून मित्राकडची प्रोप्रॅनॉलॉलची गोळी घेण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ते हृदयाचे ठोके कमी करणारं औषध आहे, दमा असलेल्या माणसाला धोक्याचं ठरू शकतं आणि डॉक्टरांनी तपासूनच द्यायचं असतं.

मसुद्यात तुम्ही लहानपणापासूनच्या त्रासाबद्दल लिहिलंत, ते तिच्यासाठीच्या मेसेजमधून मी काढायला लावलं, पण दुर्लक्ष करण्यासारखं ते नाही. भेटीपुरती धडधड जवळजवळ सगळ्यांना होते. पण मीटिंगमध्ये बोलणं, फोनवर ऑर्डर देणं, लग्नकार्यात जाणं हेही टाळलं जात असेल, असं सहा महिने किंवा जास्त काळ चाललेलं असेल आणि त्यामुळे नोकरी-मैत्री अडत असेल, तर त्याला सामाजिक चिंतेचा विकार म्हणतात. त्यावर विचार आणि वागणं दोन्ही बदलायला शिकवणारी बोधनिक वर्तन उपचारपद्धती चांगली लागू पडते आणि ती आठवड्याला एक अशा ठरावीक सत्रांत होते. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. सुरुवात कुठून करायची कळत नसेल तर सरकारची टेली मानस ही मोफत हेल्पलाइन आहे, १४४१६, तिथे मराठीत बोलता येतं. हे रविवारच्या भेटीवर अवलंबून ठेवू नका, भेट ठरली तरी आणि नाही ठरली तरी हा फोन याच आठवड्यात करा.

आत्ता नोट्स उघडून मेसेज तुमच्या शब्दांत लिहा. लिहून झाला की त्यात 'मी' किती वेळा आणि 'तू' किती वेळा आलंय ते मोजा. 'मी', 'मला', 'माझं' मिळून चारपेक्षा जास्त झाले असतील तर एखादं वाक्य अजून काढायचं राहिलंय.